जमलेल्या रकमेवर महिना पेन्शन किती?

प्रश्न: निवृत्तीला 50 लाख हातात असतील. 60 टक्के एकरकमी काढले आणि उरलेल्याची अ‍ॅन्युइटी घेतली, तर महिन्याला किती पेन्शन बसेल?

उत्तर: वार्षिक दर 6 टक्के धरला तर साधारण 10,000. हिशोब फक्त अ‍ॅन्युइटीत घातलेल्या 20 लाखांवर होतो: वर्षाला 1,20,000, भागिले 12. बरेच जण हाच दर पूर्ण 50 लाखांना लावतात आणि 25,000 ची आशा धरून बसतात.

खरी गोम दरात आहे. तुमच्यामागे मूळ रक्कम वारसांना परत मिळणार असेल, तर दर कमी. फक्त हयातभर पेन्शन आणि मागे काहीच नाही, असा पर्याय घेतला तर तो जास्त, कारण लवकर गेलेल्यांची रक्कम उरलेल्यांच्या पेन्शनला लागते. म्हणून कोटेशन मागताना वय, पर्याय आणि ‘मासिक’ हे तिन्ही सांगा. वार्षिक हप्त्याच्या दराला 12 ने भागलं की आकडा थोडा फुगतो.

पेन्शन वाढती नसेल, तर 6 टक्के महागाईत 12 वर्षांनी त्या 10,000 ची किंमत निम्म्यावर येते. ही तूट भरायला एकरकमी 30 लाखांतला मोठा भाग गुंतवूनच ठेवावा लागेल.