सीट कमी करायच्या, सॉफ्टवेअर बंद करायचं, पण डेटा जाऊ द्यायचा नाही

प्रश्न: आमची ९ जणांची फर्म आहे, पण गुगल वर्कस्पेसचं बिल १४ जणांचं येतं. ग्राहकांच्या नोंदी ठेवायला एक सीआरएमही घेतलंय, ते आता कोणी उघडत नाही. डेटा न गमावता हे कमी कसं करायचं?

माझा इंटिरियरचा व्यवसाय आहे, माणसं येतात-जातात, त्यामुळे ही साफसफाई मी दर वर्षी मार्च संपला की करतो.

तुमच्या त्या ५ जास्तीच्या सीट बहुतेक सोडून गेलेल्या लोकांच्या असतील आणि कोणीतरी त्या 'सस्पेंड' करून ठेवल्या असतील. सस्पेंड केलं की लॉगिन बंद होतं, बिल मात्र चालूच राहतं. बिल कमी व्हायला अकाउंट डिलीट करावं लागतं. तेही तुम्ही महिन्याच्या फ्लेक्सिबल प्लॅनवर असाल तरच. वार्षिक करार असेल तर डिलीट करूनही तेवढ्या सीटचे पैसे नूतनीकरणापर्यंत द्यावेच लागतात. म्हणून आधी अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये Billing → Subscriptions उघडून प्लॅन कोणता आणि नूतनीकरणाची तारीख कोणती ते बघा. तारीख चार महिने लांब असेल तर घाई करण्यात अर्थ नाही. रिकामी सीट तोवर नव्या माणसाला देता येते.

डिलीट करण्याआधी सस्पेंड काढून, पासवर्ड बदलून त्या मेलबॉक्समध्ये एकदा शिरा. समजा तुमचा जुना अकाउंटंट दोन वर्षांपूर्वी गेला. डोमेनचं नूतनीकरण, पेमेंट गेटवे, कुरिअरचं पोर्टल, यांची खाती त्यानेच स्वतःच्या ऑफिसच्या ईमेलवर उघडलेली असणार. ते अकाउंट उडालं की त्या सगळ्यांचे पासवर्ड रिसेटचे मेल कुठेच पोहोचत नाहीत. जीमेलच्या सर्चमध्ये हे टाका:

```
subject:(invoice OR receipt OR renewal)
```

जे सापडेल त्या प्रत्येक ठिकाणी मालकाचा ईमेल बदलून घ्या. याच शोधात विसरलेल्या दोन-तीन वर्गण्याही हाती लागतात. कार्डाचं स्टेटमेंट तपासाल तेव्हा तीन महिन्यांचं पुरत नाही, पूर्ण वर्षाचं घ्या, कारण वार्षिक पैसे एकदाच कापले जातात.

मग त्या अकाउंटमधून गुगल टेकआउटने मेल उतरवून घ्या. लिंक थोडेच दिवस चालते, त्यामुळे लगेच डाउनलोड करा. मेल एमबॉक्स फाइलमध्ये येतात आणि त्या थंडरबर्डमध्ये उघडता येतात. डिलीट करताना ड्राइव्हच्या फाइल कोणाच्या नावावर करायच्या ते विचारलं जातं. तिथे नाव निवडलं नाही, तर त्याने बनवलेल्या आणि तुम्ही सगळे वापरत असलेल्या शीटही जातात. चुकून उडालंच तर २० दिवसांच्या आत अकाउंट परत आणता येतं. पुढे ग्राहकांचे मेल येत राहावेत म्हणून तो जुना पत्ता चालू कर्मचाऱ्याला पर्यायी ईमेल म्हणून जोडा. त्याला वेगळी सीट लागत नाही.

सीआरएमचं दुखणं वेगळं आहे. 'एक्स्पोर्ट' दाबलं की सीएसव्ही मिळते आणि माणूस निर्धास्त होतो. पण सीएसव्हीत फक्त रकाने येतात. ग्राहकाला जोडलेली कोटेशनची पीडीएफ, साइटचे फोटो हे सहसा त्यात नसतात, आणि फोनवर काय बोलणं झालं त्याच्या नोंदी बऱ्याचदा वेगळ्या एक्स्पोर्टमध्ये असतात. ते सगळं वेगळं उतरवावं लागतं.

फाइल मिळाली की डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. 'जोशी'च्या जागी à¤œà¥‹ असलं काहीतरी दिसतं, आणि बारा आकडी फोन नंबर 9.19823E+11 होऊन बसतो. त्यावर सेव्ह केलंत तर मूळ नंबर गेलाच. Data → From Text/CSV मधून आणा, 65001: Unicode (UTF-8) निवडा आणि फोनचा रकाना टेक्स्ट करा. मग सीआरएममध्ये किती ग्राहक दिसतात आणि फाइलीत किती ओळी आहेत ते ताडून बघा. आकडा जुळत नसेल तर बहुधा एखादा फिल्टर लावलेला राहिलेला असतो. ओळखीचे चार-पाच जुने ग्राहक काढून त्यांच्या नोंदी दोन्हीकडे पडताळा.

हे जुळल्यावर आधीची सगळी जीएसटी बिलं डाउनलोड करा, कारण वर्गणी संपली की बिलिंगचं पान दिसेलच असं नाही आणि इनपुट क्रेडिटसाठी सीए ती नक्की मागतील. मग वर्गणी त्यांच्या साइटवरूनच रद्द करा. नुसता बँकेतला ई-मँडेट बंद केला तर पैसे कापणं थांबतं, पण वर्गणी त्यांच्या हिशेबी चालूच असते आणि थकबाकीचे मेल सुरू होतात. रद्द झाल्याचा मेल आला की मगच मँडेट काढा.