चरित्रलेखात तारखा, नावं आणि 'थोर' शब्द: मेरी क्युरींच्या लेखात झालेल्या चुका

प्रश्न: विकिपीडियासारख्या ज्ञानकोशासाठी एका शास्त्रज्ञाचं चरित्र मराठीत लिहायचंय, सोर्स सगळे इंग्रजीत आहेत. तारखा, नावं आणि भाषा कशी सांभाळू?

मी मेरी क्युरींचं चरित्र लिहायला घेतलं तेव्हा पहिला दणका तारखांनीच दिला. एका अमेरिकन सोर्समध्ये जन्म ११/७/१८६७ आणि मृत्यू ७/४/१९३४ असं होतं, मी आपल्या सवयीने ११ जुलै आणि ७ एप्रिल टाकून मोकळा झालो. तिकडे महिना आधी लिहितात! म्हणजे खरं तर ७ नोव्हेंबर १८६७ आणि ४ जुलै १९३४. दोन्ही चुकीच्या तारखा दिसायला अगदी सरळ, त्यामुळे शंकाच येत नाही, मधला आकडा १२ च्या वर असता तर लगेच कळलं असतं. तेव्हापासून महिना अक्षरातच लिहितो, आणि मजकुरात, चौकटीत, फोटोखाली सगळीकडे तीच पद्धत.

नावांना जास्त वेळ द्या. माहेरचं आडनाव मी इंग्रजी वाचून 'स्क्लोडोव्स्का' केलं होतं. पण मूळ पोलिश स्पेलिंगमध्ये त्या एलवर तिरकी रेघ असते आणि उच्चार 'व'च्या जवळ जातो, म्हणून स्क्वोदोव्स्का. इंग्रजी मजकुरात ती रेघ बरेचदा गळते, त्यामुळे इंग्रजीवरून उच्चार ठरवूच नका, मूळ भाषेतला ऐका. मग फ्रेंच उच्चाराप्रमाणे 'मारी' आणि 'पारी' लिहायचं का? नाही हो, मराठीत मेरी आणि पॅरिस रुळलंय, वाचक तेच शोधणार. रुळलेलं असेल तर ते, नसेल तर मूळ उच्चार, एवढंच मी पाळतो. आणि एकदा 'क्युरी' ठरलं की लेख संपल्यावर दीर्घ ऊवालं 'क्यूरी' सर्च करून बघायचं, माझ्या लेखात चार ठिकाणी निघालं.

भाषेचं म्हणाल तर इंग्रजी सोर्स बऱ्यापैकी कोरडा असतो, 'थोर', 'विज्ञानाला आयुष्य वाहिलं' हे आपणच घुसडतो. ते काढा आणि तिथे घडलेलं लिहा: १९०३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल, अर्धं बेक्वेरेल यांना आणि उरलेलं अर्धं मेरींचे पती पिएर आणि मेरी यांना मिळून, नंतर १९११ चं रसायनशास्त्राचं एकट्या मेरींना. थोरवी वाचकाला आपोआप दिसते. 'त्या' की 'ती' हा प्रश्न इंग्रजीत येतच नाही, आपल्याला ठरवावं लागतं. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पिएर 'ते' होते आणि मेरी मात्र 'ती', हे लिहिताना लक्षातच आलं नव्हतं. दोघांनाही आदरार्थी ठेवा.

अजून एक, सोर्समधला 'बहुधा' गाळू नका. मेरींचा मृत्यू अप्लास्टिक अॅनिमिया या रक्ताच्या आजाराने झाला हे पक्कं, तो किरणोत्सारामुळे झाला हे 'बहुधा'. मी 'रेडियमने बळी घेतला' असं लिहिलं होतं, वाचायला भारी वाटत होतं, तेच वाक्य सगळ्यात आधी काढावं लागलं.