पीएसडी आहे म्हणजे लेयर आहेत असं नाही

प्रश्न: "आईच्या जुन्या फोटोवर कोणीतरी नाव लिहिलंय आणि फुलांचं स्टिकर लावलंय. माझ्याकडे जेपीजी आणि पीएसडी दोन्ही आहेत. ते काढून खालचा फोटो मिळेल का?"

जेपीजी बाजूला ठेवा, त्यात लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे सुटे थर, राहतच नाहीत. पीएसडी फोटोशॉपमध्ये उघडून बघा, पण फाइलच्या नुसत्या नावावर विसंबू नका. मी तिथेच फसलो. वडिलांच्या एकुलत्या एका चांगल्या फोटोवर एका स्टुडिओने खांद्यावरून नाव आणि तारीख टाकली होती. मी लेयरची फाइल मागितली, त्यांनी पीएसडी पाठवली आणि मी ती न उघडताच जपून ठेवली. चार महिन्यांनी उघडली, तर यादीत एकच ओळ: कुलूप लावलेलं `Background`. सगळे लेयर एकत्र होऊन चपटा झालेला फोटोच त्यांनी पीएसडी म्हणून सेव्ह केला होता. तोवर मूळ फाइल त्यांनी पुसून टाकली होती, आणि "पीएसडी दिली होती ना" एवढंच उत्तर मिळालं. त्याच दिवशी उघडली असती, तर कदाचित मूळ फाइल वाचली असती. अजून वाईट वाटतं.

तेव्हा आधी लेयरच्या यादीत डोळ्याचं चिन्ह एकेका ओळीसाठी बंद करून बघा. नाव गेलं आणि त्याखालचा भाग दिसला, तर तो लेयर बिनधास्त उडवा. खालचा फोटो शाबूत आहे. सगळं चित्रच गायब झालं, तर अक्षरं त्यातच मुरली आहेत. नाव आणि स्टिकर दोन्ही वेगवेगळे तपासा, कारण एक सुटं आणि दुसरं मुरलेलं असू शकतं. नावाच्या ओळीवर `T` दिसत नसेल तर घाबरू नका. अक्षरांचं चित्र झालं असेल, म्हणजे शब्द बदलता येणार नाहीत, पण लेयर वेगळा असेल तर काढता येतो.

मुरलेलं असेल तर खोडरबराने काही मिळत नाही, पांढरा किंवा रिकामा डाग पडतो. अक्षराच्या जागचे मूळ रंग फाइलमध्ये उरलेलेच नसतात. (अक्षरं अर्धपारदर्शक असतील तर थोडं काही उरतं.) क्लोन किंवा हील हे टूल शेजारचा भाग आणून तिथे बसवतं. मागच्या भिंतीवर, साध्या कापडावर ते छान जमतं. डोळ्यावर किंवा ओठांवर मात्र तो चेहरा तुमच्या आईचा राहत नाही, आणि तिथे हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. मी काही व्यावसायिक नाही, पण अशा वेळी नातेवाइकांकडे कागदी प्रत शोधून पुन्हा स्कॅन करणं बरं.

आणखी एक: स्टिकर फोनच्या गॅलरीत लावलं असेल, तर ज्याने लावलं त्याला विचारा. काही फोन मूळ फोटो राखून ठेवतात आणि तिथे `Revert` मिळतं. पण ते त्याच्या फोनवर. तुम्हाला पाठवलेल्या प्रतीत ते येत नाही.