डुलत्या डेकवरून तोफ डागताना

तुझ्या जुन्या लढाऊ जहाजाच्या मॉडेलमध्ये तोफेचं तोंड वरखाली करायची पाचर तोंडाखालीच दिसतेय. ती तोफेच्या बुडाखाली, म्हणजे मागच्या टोकाखाली हवी. पाचर आत ठोकली की बूड उचललं जातं आणि तोंड खाली जातं. बाहेर ओढली की तोंड वर. डावं-उजवं करायला चार चाकांचा लाकडी गाडा पहारींनी रेटायचे, पण गनपोर्ट, म्हणजे जहाजाच्या बाजूतली तोफेची खिडकी, अरुंद, म्हणून खरी दिशा जहाजच वळवून साधायची.

पाचर एकदा बसवली की उरतो तो वेळेचा खेळ. समजा जहाज दोन्हीकडे 5-5 अंश डुलतंय, पूर्ण झोका 10 सेकंदांचा. डेक सपाट होतो तेव्हाच तो सर्वांत वेगात फिरत असतो, सेकंदाला सुमारे 3 अंश. बत्ती दिल्यापासून बार उडेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तर 200 मीटरवर गोळा साडेपाच मीटर वरखाली! म्हणून बत्ती जरा आधीच द्यायची. अठराव्या शतकात ब्रिटिशांनी तोफांना चकमकीचे चाप बसवले ते हा उशीर घटवायलाच.

आपली बाजू खाली झुकताना उशीर झाला तर गोळा पाण्यावर आपटून उसळतो, कधी तरीही शत्रूच्या जहाजाच्या बुडाला लागतो. वर जाताना चुकला तर शिडांत, नाहीतर सरळ आकाशात.