परीक्षा रद्द झाली की जाहिरात?

“वकीलसाहेब, मी दारव्हा तालुक्यातला. राज्य शासनाच्या एका विभागाच्या भरतीसाठी हजार रुपये फी भरली, नागपूरला जाऊन पेपर दिला. आठ दिवसांनी पेपर फुटला म्हणून परीक्षाच रद्द केली. मी ओपनमधला आहो. फॉर्म भरला तेव्हा 38 ला दोन महिने बाकी होते, आता उलटून गेले. फॉर्म तालुक्याच्या सेंटरवर भरला होता. फी वापस मिळते का? ग्राहक मंचात जाऊ का? अन् पुढच्या परीक्षेला बसू देतील का?”

भाऊ, तुम्ही तीन प्रश्न विचारले आणि ज्या एका कागदावर तिन्हींची उत्तरं आहेत, तोच पाठवला नाही. विभागाच्या संकेतस्थळावरचं रद्द केल्याचं शुद्धिपत्रक काढा आणि त्यात नेमकं काय रद्द केलं ते वाचा. ‘परीक्षा रद्द’ म्हटलंय की ‘जाहिरात रद्द’? हे दोन शब्द सारखे वाटतात, पण तुमच्या वयात सगळा फरक त्यांनीच पडतो.

फक्त परीक्षा रद्द झाली असेल, तर जाहिरात जिवंत आहे. तुमचा अर्ज आणि भरलेली फी तशीच उभी राहते आणि वय जुन्या जाहिरातीतल्या तारखेलाच मोजलं जातं. म्हणजे आज 38 उलटले असले तरी तुम्ही पात्र. अशा वेळी फी सहसा परत मिळत नाही, कारण त्याच फीवर फेरपरीक्षा होते. मृद व जलसंधारण विभागाच्या 670 पदांचं हेच झालं. फेब्रुवारी 2024 च्या परीक्षेत आपल्या अमरावतीच्या केंद्रावर गैरप्रकार उघडकीस आला, परीक्षा रद्द झाली आणि त्याच पदांसाठी जुलैमध्ये ती पुन्हा घेतली.

जाहिरातच रद्द झाली असेल तर गणित उलटतं. फी परत मागण्याची बाजू भक्कम होते. ‘शुल्क ना-परतावा’ ही अट तुम्ही स्वतः माघार घेतली तर लागू होते. भरतीच गुंडाळल्यावर शासनाने तिच्याआड लपावं, हे मला पटत नाही. 2019 ची जिल्हा परिषद भरती रद्द झाली तेव्हा शासनाने फी परत करायचं ठरवलं होतं. ते प्रकरण पेपरफुटीचं नव्हतं, पण मागणी करताना दाखला म्हणून चालेल. मात्र नव्या जाहिरातीत वय नव्या तारखेला मोजतील आणि जुन्या अर्जदारांना सवलत दिली नसेल, तर तुम्ही बाहेर. हजार रुपये हातात आणि नोकरीची वाट बंद.

म्हणून फीच्या मागे लागू नका, तारखेच्या मागे लागा. राज्य सेवेतल्या पदाचा वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठात जातो, जिल्हा परिषदेचं पद असतं तर उच्च न्यायालयात गेला असता. न्यायाधिकरणात मुदत साधारण वर्षाची, पण त्या वर्षाच्या भरवशावर राहू नका. नव्या जाहिरातीचे फॉर्म पंधरावीस दिवसांत बंद होतात. त्याच्या आत न्यायाधिकरणात अर्ज करून ‘निकालाच्या अधीन राहून फॉर्म भरू द्या’ असा अंतरिम आदेश मागावा लागतो. खिडकी बंद झाल्यावर माझ्याकडे येणारे दरवेळी भेटतात, आणि मग पुढची तारीख कधी पडेल हे मीही सांगू शकत नाही. वयाची सवलत मिळेलच असंही सांगत नाही. तो बहुतेक शासनाच्या मर्जीचा विषय असतो.

ग्राहक आयोगाचा नाद सोडा. परीक्षा मंडळ परीक्षार्थीला ‘सेवा’ विकत नाही आणि फी ही सेवेची किंमत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये बिहार शालेय परीक्षा मंडळाच्या प्रकरणात म्हटलंय. भरतीच्या फीलाही तोच तर्क लावतील. केंद्राच्या परीक्षांसाठीच्या 2024 च्या पेपरफुटी कायद्यात दोषी एजन्सीकडून परीक्षेचा खर्च वसूल करता येतो, पण तो उमेदवाराच्या खिशात येत नाही. तुमचं एसटीचं भाडं आणि नागपूरच्या लॉजचा खर्च गेला तो गेलाच.

आता सेंटरची गोष्ट, आणि इथे मला खरंच राग येतो. तुम्ही रोख हजार दिले आणि त्या पोराने स्वतःच्या यूपीआयवरून फी भरली, असं असेल तर परतावा मूळ खात्यावर आल्यास त्याच्याकडे जाईल. त्याहून वाईट म्हणजे फॉर्ममध्ये मोबाईल आणि ई-मेल त्याचाच असेल, तर फेरपरीक्षेचं हॉल तिकीटही तिथेच पडेल. माझ्याकडे आलेल्या एका मुलाची फेरपरीक्षा अशीच हुकली; सेंटरवाल्याने सिम बदललं होतं. उद्याच सेंटरवर जा, फॉर्मची प्रिंट, भरणा पावती आणि पासवर्ड घ्या. संकेतस्थळावर नंबर बदलायची सोय नसेल तर हेल्पडेस्कला लेखी कळवून तक्रार क्रमांक जपून ठेवा. त्या प्रिंटसोबत शुद्धिपत्रकही पाठवा, मग दावा टाकायचा की गप्प बसून अभ्यास करायचा ते सांगतो.