फरशी तडकल्याचे घरमालकांना कसे सांगावे?

प्रश्न: भाड्याच्या घरात माझ्या हातून फरशीची टाइल तडकली. घरमालकांना स्वतःहून सांगू का? अर्धा खर्च देतो म्हटले तर ते योग्य दिसेल का?

सांगावे, आणि त्याच दिवशी सांगावे. मात्र त्याआधी पाच मिनिटे खाली बसून ती टाइल वाजवून पाहावी, कारण अर्धा खर्च देऊ करणे रास्त आहे की नाही, हे त्या आवाजावरून बरेचसे कळते.

जळगावात आम्ही भाड्याने राहत असताना भरतासाठी मिरच्या आणि लसूण ठेचताना लोखंडी बत्ता माझ्या हातातून निसटून ओट्याखालच्या दोन बाय दोनच्या टाइलवर पडला आणि मधून दोन कडांपर्यंत तडा गेला. मी रुपयाच्या नाण्याने टाइलचे चारही कोपरे वाजवून पाहिले. एका कोपऱ्यात भरीव, टणक आवाज आला. उरलेले तीन पोकळ वाजले. याचा अर्थ टाइलखाली माल पूर्ण पसरलेला नव्हता. अशी टाइल आघात पेलत नाही. तिन्ही कोपरे भरीव वाजले असते, तर मी अर्ध्याची भाषा न करता पूर्ण खर्च दिला असता.

घरमालकांना आम्ही नाना म्हणत असू. त्यांना फोटोसह असा निरोप पाठवला: “नाना, आज सकाळी माझ्या हातून बत्ता पडून स्वयंपाकघरातील एक टाइल तडकली. चूक माझी आहे. तीन कोपरे पोकळ वाजत आहेत, ते आपण येऊन एकदा पाहावेत. मिस्त्रीचा अंदाज घेऊन खर्च निम्मा-निम्मा करू या का? आपल्याला पटले नाही तर बोलू.” पोकळपणाचा उल्लेख कबुलीनंतर केला, कारण आधी केला असता तर ती सबब वाटली असती.

नाना संध्याकाळी आले, स्वतः नाणे वाजवून पाहिले आणि माळ्यावरची उरलेली टाइलची पेटी उतरवून दिली. हे विचारायला विसरू नका. जुन्या टाइलची छटा बाजारात क्वचितच जुळते. मिस्त्रीची मजुरी ८०० आणि चिकटवण्याचे केमिकल व ग्राउट मिळून ५०० असे १३०० रुपये झाले, त्यांतले ६५० मी दिले. मिस्त्रीने आधी ग्राइंडरने सांधे कापले आणि मग टाइल मधून फोडली. कडेने छिन्नी मारली असती तर शेजारच्या टाइलचे टवके उडाले असते. पेटीतली टाइल बसवल्यावर चोवीस तास तिच्यावर पाय ठेवू दिला नाही.

घरमालकांनी सगळी खोली बदलण्याचा आग्रह धरला, तर एका टाइलपुरतीच जबाबदारी नम्रपणे मान्य करावी. पैसे दिल्यावर “या टाइलचा हिशेब पूर्ण झाला, डिपॉझिटमधून वजावट नाही” एवढी ओळ त्यांच्याकडून मोबाइलवर लिहून घ्यावी. नानांनी ती लगेच पाठवली आणि खाली विचारले, “भरीत झालं का मग?”