विसरलेल्या डब्याच्या कथेविषयी

तुमच्या कथेत नवरा डबा घरी विसरतो, बायको तो कचेरीत नेऊन देते आणि दोघे लगेच रडून मन मोकळे करतात. इथे डब्याऐवजी छत्री असती, तरी काहीच बदलले नसते, आणि मला खटकते ते हेच. डब्यातून कुणालातरी आजवर ठाऊक नसलेली गोष्ट कळली पाहिजे.

त्यासाठी डबा घरीच राहू द्या. सकाळच्या भांडणामुळे तो ओट्यावर राहिला आहे आणि दुपारी दोन वाजता, अन्न वाया जाऊ नये एवढ्याच हेतूने, ती तो उघडते. पोळ्यांच्या कडा कडक झाल्या आहेत, भेंडीचे तेल भातात उतरले आहे, आणि आपण पहाटे उठून करतो ते त्याच्यापर्यंत कोणत्या रूपात पोहोचते, हे तिला पहिल्यांदाच चव घेऊन कळते. हा प्रसंग सावकाश लिहा, कारण कथेचे वळण संवादात नसून या घासात आहे.

संध्याकाळी तिला माफी मागायला लावू नका. "रोज असंच गार खातोस?" एवढेच ती विचारेल. तो आधी "चालतं" म्हणेल आणि मग, बऱ्याच वेळाने, सोबत जेवणारा सहकारी नोकरी सोडून गेल्यापासून बरेचदा डबा उघडावासाच वाटत नाही, हे सांगेल. सासूबाईंचा फोन मात्र काढून टाका. त्या येताच दोघांचे बोलणे थांबते.